शेपूट कसलं, तोंडच ते

प्रश्न : «चेन रेप्लिकेशनवर मराठीत टिपण लिहितोय. 'हेड' आणि 'टेल'ला 'मुख' आणि 'पुच्छ' म्हटलं तर चालेल का? की 'आद्य' आणि 'अंत्य'? आणि 'स्ट्राँग कन्सिस्टन्सी'ला एका ठिकाणी 'दृढ सातत्य' असा शब्द वाचला, तो बरोबर आहे का?»

चेन रेप्लिकेशन म्हणजे माहितीच्या प्रती एका ओळीतल्या सर्व्हरवर ठेवणं, प्रत्येकाने पुढच्याला देत. ओळीतला पहिला तो हेड, शेवटचा तो टेल. त्यांच्याकडे वळण्याआधी 'सातत्य' निकालात काढू. सातत्य म्हणजे खंड न पडणं. रोज पहाटे उठून रियाज करणाऱ्याकडे सातत्य असतं. एखादा सर्व्हर दर वेळी जुनंच उत्तर देत राहिला तर तोही ते सातत्यानेच देतो, आणि नेमकं तेच आपल्याला नको असतं. इथे अभिप्रेत आहे ते असं : माहितीच्या कितीही प्रती ठेवलेल्या असोत, विचारणाऱ्याला ती एकाच ठिकाणी असल्यासारखी वाटावी. एकदा 'झालं' असं कळवलेली नोंद नंतर कोणीही विचारली तरी दिसावी, आणि एकदा दिसलेली नोंद पुन्हा नाहीशी होऊ नये. यासाठी मी 'एकवाक्यता' वापरतो, 'स्ट्राँग'साठी 'पक्की एकवाक्यता'. 'सुसंगती'ही चालेल, पण ती दोन विधानांमध्येही असते. एकवाक्यता म्हटलं की बोलणारे अनेक आहेत हे त्यातच येतं.

मात्र हा शब्दही एका बाबतीत फसवतो, आणि तुमच्या हेड-टेलचं उत्तर तिथेच आहे. एकवाक्यता म्हटलं की वाटतं, सगळ्या प्रतींमध्ये प्रत्येक क्षणी एकच मजकूर असणार. चेन रेप्लिकेशनमध्ये तसं अजिबात नसतं.

क, ख, ग असे तीन सर्व्हर एका ओळीत आहेत असं धरा, क हा हेड आणि ग हा टेल. लिहिण्याची प्रत्येक विनंती क कडे येते. क तिला क्रमांक देतो, आपल्याकडे उतरवून घेतो आणि ख कडे सरकवतो. ख उतरवून ग कडे देतो. ग ने उतरवली की ग च विनंती करणाऱ्याला 'झालं' असं कळवतो. वाचण्याच्या सगळ्या विनंत्याही ग कडेच जातात. आता एखाद्या क्षणी आत डोकावलं तर क कडे ५० व्या क्रमांकापर्यंतच्या नोंदी दिसतील, ख कडे ४८ पर्यंतच्या, ग कडे ४५ पर्यंतच्या. तीन प्रती, तीन वेगळी चित्रं. तरी बाहेरच्याला विसंगती दिसत नाही, कारण बोलतो एकटा ग. म्हणजे एकवाक्यता उत्तरांची असते, प्रतींची नव्हे.

आणि बोलायचा मान ग लाच का? कारण ग कडे जे आहे ते ख आणि क कडे असतंच असतं. नोंद त्यांच्या हातून गेल्याशिवाय ग पर्यंत पोचूच शकत नाही. उलटं मात्र खरं नाही. क कडची ५० वी नोंद अजून फक्त क च्याच पोटात आहे. क आत्ता कोसळला तर ती त्याच्याबरोबर गेली.

म्हणून 'मुख' नको. हेड हे या रचनेचं मुख नाही, तो कान आहे. तोंड आहे ते टेलकडे. आमच्याकडे एका अंतर्गत टिपणात कोणीतरी हौसेने 'मुख' लिहिलं होतं. ते वाचून एका नव्या सहकाऱ्याने वाचनाच्या विनंत्या सरळ हेडकडे वळवल्या. मुखानेच बोलायचं असतं, असा त्याचा साधा तर्क. चाचणीत आसन क्रमांक १२ क्षणभर 'आरक्षित' दिसायचं आणि हेड मुद्दाम बंद पाडला की पुन्हा 'रिकामं'. नोंद हेडने ऐकली होती, पुढे गेली नव्हती, आणि तरी वाचणाऱ्याला सांगून टाकली होती. सहकाऱ्याला आम्ही काय बोलणार, शब्दच चुकीचा होता.

'पुच्छ' आणि 'शेपूट' यांची अडचण निराळी. मराठीत शेपूट घातलं जातं, नाही तर ते मारुतीचं असतं. निर्णय शेपटीकडे आहे हे मराठी कानाला पटतच नाही. 'आद्य'मध्ये काळाचा आणि मानाचा भाव आहे, तर 'अंत्य' म्हटलं की अंत्यविधी आठवतो. शिवाय त्या शब्दाला जातिव्यवस्थेचा जुना डागही आहे. मी साधं 'पहिला दुवा' आणि 'शेवटचा दुवा' लिहितो. प्रत्येक सर्व्हर हा दुवा, आणि दुव्याला मागचा-पुढचा असतोच, त्यामुळे वाक्यं आपोआप सुटसुटीत होतात. आकृतीत 'हेड' आणि 'टेल' तसेच ठेवले तरी माझी तक्रार नाही.

आता तुम्ही न विचारलेला शब्द : 'साखळी'. 'साखळी प्रतिकृती' असं भाषांतर मी पाहिलंय. ते वाचून साखळीची छोटी शोभेची नक्कल डोळ्यांसमोर येते. प्रतिकृती पुतळ्याची असते, कागदाची आणि माहितीची 'प्रत'. तेव्हा 'प्रतींची साखळी' म्हणा. पण मला काही दिवस 'साखळी'चीच शंका होती, कारण कडी तुटली की साखळी तुटते. इथे तर दुवा गळाला तरी काम चालू राहतं. ती शंका 'साखळी उपोषणा'ने दूर केली. तिथे एक उठतो, दुसरा बसतो आणि उपोषण मोडत नाही. मराठीतल्या साखळीला हा अर्थ आधीपासूनच आहे.

दुवा गळाल्यावर काय होतं ते वरच्याच आकड्यांवर पाहा. कोण जिवंत आहे यावर एक वेगळा व्यवस्थापक लक्ष ठेवून असतो. ग गेला तर तो ख ला सांगतो, आता शेवटचा दुवा तू. ख कडच्या ४६ ते ४८ या नोंदी त्याच क्षणी पक्क्या होतात, कारण आता त्या उरलेल्या सगळ्यांकडे आहेत. क गेला तर ख पहिला होतो आणि ४९, ५० या नोंदी बुडतात. पण त्या 'झाल्या' असं कोणालाच कळवलेलं नसतं, त्यामुळे वचनभंग होत नाही. उत्तर न मिळालेला ग्राहक पुन्हा विनंती करतो. मात्र उत्तर न येणं म्हणजे काम न होणं, असं धरून चालत नाही. कदाचित नोंद झाली असेल आणि फक्त निरोप हरवला असेल. 'शिल्लक १० ने वाढव' अशी विनंती डोळे मिटून दोनदा पाठवली तर शिल्लक २० ने वाढेल.

मधला ख गेला तर खरी सांधेजोड लागते. व्यवस्थापक ग ला विचारतो, तुझ्याकडे कुठपर्यंत आलंय? ग म्हणतो, ४५. मग क ला सांगितलं जातं की तुझा पुढचा आता ग, त्याला ४६ पासून दे. हे जमतं, कारण पुढे पाठवलेली नोंद क लगेच विसरत नाही. शेवटच्या दुव्याकडून पोच उलट्या वाटेने परत येईपर्यंत तो ती 'पाठवलेल्यां'च्या यादीत धरून ठेवतो. ही यादी ठेवायची विसरलात तर मधला दुवा गेल्यावर नोंदी गुपचूप गळतील आणि बाकी सगळं ठीकठाक दिसत राहील.

ही रचना रॉबर्ट व्हॅन रेनेस आणि फ्रेड श्नायडर यांनी २००४ मध्ये मांडली. त्यांच्या मांडणीत दुवा बंद पडतो तेव्हा पूर्ण बंद पडतो आणि ते ओळखू येतं, असं गृहीत आहे. म्हणूनच दोन दुवे गेले तरी तिसऱ्यावर भागतं. बहुमतावर चालणाऱ्या पद्धतीत दोघांचं जाणं पचवायला पाच जण लागतात.

प्रत्यक्षात मात्र कधी कधी दुवा मरत नाही, नुसता संपर्काबाहेर जातो. व्यवस्थापकाने ग ला वगळून ख ला शेवटचा केलं, पण ग ला हे कळलंच नाही, तर तो जुनी उत्तरं देत बसतो. म्हणजे साखळीला दोन तोंडं झाली. 'दुतोंडी' हा आपला शब्द इथे अक्षरशः लागू पडतो. यावर उपाय म्हणून बोलण्याचा हक्क मुदतीचा करतात. मुदत वाढवून मिळाली नाही तर ग ने आपणहून गप्प बसायचं, आणि ती संपल्याशिवाय ख ने बोलायला सुरुवात करायची नाही.

'थ्रूपुट'ला, म्हणजे ठरावीक वेळात किती काम पार पडतं त्याला, कोणी 'वेग' म्हणतं. तेवढं टाळा, कारण इथे दोन्ही गोष्टी उलट दिशांना जातात. मुख्य सर्व्हरच दोन्ही प्रती स्वतः पाठवत असेल, तर त्याची सेकंदाला १० गिगाबिटची बाहेरची वाट दोघांत विभागून प्रत्येकी ५ उरते. साखळीत प्रत्येक जण एकच प्रत पुढे देतो, म्हणून पूर्ण १० मिळतात. पण एक नोंद मात्र हातोहात जात असल्याने तिला उशीर लागतो, आणि दुवे वाढवाल तसा तो वाढतो. तेव्हा थ्रूपुटला 'उरक' म्हणा. उरक जास्त, वेग कमी, हे मराठीत सहज बोलता येतं. एखादा दुवा मंदावला तर सगळ्यांचाच उरक बसतो. तो कोणता हे क्रमांकांवरून कळतं : क ५०००, ख ४९९० आणि ग ३१०० असेल तर दुखणं ख-ग च्या सांध्यात किंवा ग मध्येच आहे.

वाचनाचा सगळा भार शेवटच्यावर येतो, ही उरलेली तक्रार. साधा तोडगा म्हणजे माहितीचे भाग पाडून अनेक साखळ्या करणं, म्हणजे एका साखळीतला शेवटचा दुसरीत पहिला होतो. दुसरा तोडगा जेफ टेरेस आणि मायकल फ्रीडमन यांनी २००९ मध्ये 'क्रॅक' या नावाने मांडला. त्यात कोणताही दुवा वाचनाला उत्तर देऊ शकतो. पोच न आलेल्या नोंदीला त्यात इंग्रजीत 'डर्टी' म्हणतात. तिला 'मळकी' किंवा 'अस्वच्छ' म्हणू नका, आपल्याकडे हिशेबाच्या वहीतली 'कच्ची नोंद' तयार आहे. दुव्याकडे फक्त पक्की नोंद असेल तर तो थेट सांगतो. कच्चीही असेल तर शेवटच्या दुव्याला विचारतो, 'तुझ्याकडे पक्कं कुठपर्यंत?', आणि तेवढंच सांगतो. सगळ्यांना तोंड फुटलं खरं, पण अडलं की विचारायचं शेवटच्यालाच.