सात पदार्थांचं जेवण वाढताना काय बोलायचं, कधी बोलायचं

प्रश्न: वेंगुर्ल्याला आमचं होमस्टे आहे. सहा जणांच्या टेबलाला मालवणी सात पदार्थ एकेक करून वाढायचे आहेत. प्रत्येक वेळी किती बोलू, पुढचा पदार्थ कधी काढू आणि अ‍ॅलर्जीचं कधी विचारू?

अ‍ॅलर्जीचं बुकिंगच्या फोनवर विचारा, आणि पाहुणे बसले की पहिलं ताट येण्याआधी पुन्हा विचारा. "कुणाला काही चालत नाही का?" असं विचारलंत तर लोक "कारलं" म्हणतात. नावं घेऊन विचारा: "कोलंबी-कुर्ल्या, तिसऱ्या, मासे, काजू, शेंगदाणे, दूध, गहू, यातलं काही खाल्लं की कुणाला अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, दम लागतो?" आवड वेगळी आणि अ‍ॅलर्जी वेगळी, हा फरक या एका प्रश्नातच उलगडतो. माशाची अ‍ॅलर्जी आणि कोलंबीची अ‍ॅलर्जीही वेगळी असते. एक असली म्हणजे दुसरी असेलच असं नाही, म्हणून "सीफूड" या एका शब्दावर थांबू नका.

समजा चार नंबरच्या खुर्चीवरच्या ताईंना कोलंबी चालत नाही, आणि तुमचा क्रम असा आहे: घावणे-चटणी, तिसऱ्यांचं सुकं, रवा लावलेली कोलंबी, बांगड्याचं तिखलं, कोंबडी-वडे, सोलकढी-भात, खापरोळी. बहुतेक जण तिसरा पदार्थ बदलतात आणि निश्चिंत होतात. खरा धोका पहिल्याच ताटात असतो: चटणीत सुका जवळा असेल तर तीही कोलंबीच. त्या ताईंना नुसत्या खोबऱ्याची चटणी द्या, तीही जवळा वाटण्याआधी, धुतलेल्या भांड्यात वाटलेली. तिसऱ्या शिंपल्यातल्या, तरी कोलंबीची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना त्याही बाधतात. ताई त्या आधी बिनधास्त खात आल्या असतील तरच वाढा. कोलंबी तळलेल्या तेलात वडे सोडू नका आणि कोलंबी घोळवलेला रवा माशाला वापरू नका. तळण्याच्या उष्णतेने तो घटक नाहीसा होत नाही, त्यामुळे "चांगलं कडकडीत तळलंय" हे उत्तर नव्हे. ताट बदललं की ते ओळखू येईल असं वेगळ्या बशीत, सर्वात आधी, तुम्ही स्वतः ठेवा आणि हळू आवाजात सांगा: "ताई, हे तुमचं, यात जवळा नाही, वेगळ्या भांड्यात केलंय."

बोलणं वीस-पंचवीस सेकंदांत आटोपा. सगळ्यांची ताटं टेबलावर आल्यावरच सुरू करा. अर्ध्यांचे घास सुरू झाल्यावर कुणी ऐकत नाही. आधी नाव, मग त्यात काय आहे, मग कसं खायचं. उगम, आजी, परंपरा हे कुणी विचारलं तरच.

तिखल्याला मात्र थोडा जास्त वेळ द्या, कारण तिरफळ. बाहेरगावच्या माणसाची जीभ बधिरते, मुंग्या येतात, आणि तो घाबरून अ‍ॅलर्जीच झाली असं समजतो. म्हणून आधीच सांगा: "यात तिरफळ आहे. त्याची काळसर टरफलं चावायची नाहीत, बाजूला काढा. जिभेला किंचित झिणझिण्या येतील, त्या थोड्या वेळात जातात. पण ओठ सुजले, अंग खाजलं किंवा घसा आवळल्यासारखं वाटलं तर लगेच हात वर करा." तसं झालंच तर "बघू थोडा वेळ" करत बसायचं नाही. जेवण थांबवून १०८ ला फोन लावा. त्या पाहुण्यांकडे स्वतःचं अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन असेल तर ते लगेच घ्यायला सांगा. बांगडा ताजा नसेल, उन्हात राहिला असेल, तरी तोंड लाल होणं, डोकं दुखणं असा त्रास अ‍ॅलर्जी नसलेल्यालाही होतो, आणि शिजवल्याने तो टळत नाही. त्यामुळे बांगडा बर्फातलाच घ्या.

पुढचा पदार्थ घड्याळ बघून काढू नका, ताटं बघून काढा. सहापैकी चौघांच्या ताटात दोन घास उरले की स्वयंपाकघरात "टेबल एक, पुढचं" असं सांगा. शेवटचा माणूस हळू खात असेल तर त्याच्यासाठी अख्खं टेबल अडवू नका, पण त्याचं ताट उचलण्याआधी विचारा. रश्शाला थांबायला हरकत नाही, वड्यांना आहे. फुगलेला वडा दोन-तीन मिनिटांत बसतो. म्हणून कोंबडीचा रस्सा आधी वाढा, त्याबद्दलचं बोलणं उरका, बोलून संपताना वडे तेलात पडायला हवेत, आणि तीन-तीनच्या घाण्यात थेट ताटात यायला हवेत. वड्यांच्या पिठात गहू आणि उडीद आहे का ते याच वेळी सांगा. घरोघरी भाजणी बदलते, त्यामुळे तुमची काय आहे ते आधी तपासून ठेवा.

सोलकढी थंडच वाढा. आगळ घातलेला नारळाचा रस तापवला की फाटतो. गुलाबी रंग बघून लोक दूध समजतात, म्हणून "दूध नाही, नारळाचा रस आणि कोकम" एवढंच पुरे. खापरोळीला तर त्याहूनही कमी बोला. रसात भिजलेली असते, लगेच खाऊ द्या.