पहाटेचा बीपी आणि गोळीची वेळ

प्रश्न : दवाखान्यात सकाळी ११ ला माझा बीपी १२८/८० भरतो. घरी ६ ला उठल्यावर मोजला तर १५८/९४. मशीन बिघडलंय का? लोसार्टन ५० रोज ८ वाजता घेते.

मशीनच्या आधी घड्याळ बघा. ११ वाजता तुमची गोळी पोटात जाऊन तीन तास झालेले असतात, तेव्हा ती ऐन भरात असते. सकाळी ६ ला तिला बावीस तास उलटलेले असतात आणि लोसार्टनचा जोर बऱ्याच जणांत तोवर ओसरतो. दवाखान्यातला आकडा खोटा नाही, पण तो गोळीच्या सर्वांत चांगल्या तासाचा आहे.

आठवडाभर उठल्यापासून तासाभरात मोजा: लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि गोळीच्या आधी, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसून, मिनिटभराच्या अंतराने दोनदा. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. मशीनही सोबत न्या, तिथल्या मशीनशी ताडून बघता येईल.

प्रश्न : हार्ट अटॅक सकाळीच जास्त येतात म्हणतात. का?

सकाळी ६ ते दुपारी १२ या वेळात हार्ट अटॅक आणि पक्षाघात, दोन्ही जास्त होतात. झोपेत बीपी दिवसाच्या मानाने १० ते २० टक्के उतरतो. जाग येताना कॉर्टिसोल आणि अॅड्रिनॅलिन वाढतं, रक्तवाहिन्या आवळतात, ठोके वाढतात. त्याच सुमारास प्लेटलेट्स जास्त चिकट होतात आणि गुठळी विरघळवणारी यंत्रणा मंद असते. धमनीत चरबीचा थर असेल, तर वाढलेल्या दाबाने तो फाटायला आणि त्यावर गुठळी धरायला ही वेळ फारच सोयीची.

बीपी सकाळी सगळ्यांचाच चढतो, घाबरायचं ते मोठ्या उडीला. जपानमधल्या ज्येष्ठ रुग्णांच्या २००३ मधल्या अभ्यासात, रात्रीच्या नीचांकापासून वरचा आकडा ५५ किंवा जास्त चढणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण जास्त दिसलं. ही उडी घरच्या मशीनवर कळत नाही, कारण झोपेतला आकडा हाती नसतो. त्यासाठी २४ तास दंडाला बांधायचं यंत्र लागतं.

प्रश्न : मग गोळी रात्रीच घेतलेली बरी ना?

बरीच वर्षं तसं वाटत होतं. ब्रिटनमधल्या टाइम अभ्यासात २१ हजारांवर रुग्णांना सकाळी किंवा संध्याकाळी गोळी घ्यायला सांगून पाच वर्षांवर पाहिलं. २०२२ मध्ये निकाल आला : हार्ट अटॅक, पक्षाघात, मृत्यू यांत फरक नाही. माझ्या मते वेळेपेक्षा गोळी चोवीस तास पुरते का, हे जास्त महत्त्वाचं. पहिल्या प्रश्नातल्या बाईंना डॉक्टर बहुधा टेल्मिसार्टन किंवा अॅम्लोडिपिनसारखी लांब पल्ल्याची गोळी देतील, किंवा लोसार्टन दोन वेळांत विभागून. नंतर पुन्हा सकाळी ६ चाच आकडा बघायचा.

वेळ मनाने बदलू नका. काचबिंदू असलेल्यांचा बीपी रात्री फार उतरला तर डोळ्याच्या नसेला रक्त कमी पडू शकतं. आणि लघवीची गोळी रात्री घेतली, तर झोपमोड ठरलेली. म्हातारपणी अंधारात पडण्याची भीती वेगळीच.