१४.२ ओव्हर म्हणजे १४.२ नव्हे

प्रश्न : पार्क स्टेडियमवरच्या मॅचचा स्क्रीनशॉट ग्रुपवर आलाय. ११२/४ (१४.२), टार्गेट १६६, मॅच २० ओव्हरची. राहिलेल्या ५४ रन्सना ५.८ ओव्हरने भागलं तर ९.३१ येतंय, पण स्क्रीनवर RRR 9.53 आहे. कुणाचं चुकलं?

स्क्रीन बरोबर आहे. तुमची गडबड २० मधून १४.२ वजा करताना झाली. तो ठिपका दशांशचिन्ह नाही, त्याच्या पुढचा आकडा चेंडूंचा आहे. १४.२ म्हणजे १४ ओव्हर आणि २ चेंडू. ओव्हर सहा चेंडूंचीच, त्यामुळे ५.८ ओव्हर असं काही नसतंच, उरल्यात ५.४.

म्हणून ओव्हरमध्ये हिशोब करूच नका, आधी सगळं चेंडूंत आणा. टाकलेले चेंडू १४ × ६ + २ = ८६, उरलेले १२० − ८६ = ३४. आता रनरेट ११२ × ६ ÷ ८६ = ७.८१, आणि हवा असलेला रेट ५४ × ६ ÷ ३४ = ९.५३. हीच चूक रनरेटमध्ये केली तर ७.८९ येतो. फरक थोडा, म्हणून तिथे ती कुणाच्या नजरेत येत नाही.

एक्सेलमध्ये ठेवायचं असेल तर A2 मध्ये ओव्हर लिहून चेंडू असे काढा:

```
=INT(A2)*6+ROUND((A2-INT(A2))*10,0)
```

ROUND गाळू नका. १४.२ मधून १४ वजा केल्यावर कॉम्प्युटरला नेमके ०.२ मिळत नाहीत, किंचित कमी मिळतात. तिथे ROUND ऐवजी INT लावलं की दोनाचा एक चेंडू होतो.

टार्गेटचंही बघा. काही स्क्रीनशॉटवर टार्गेट नसतं, फक्त समोरच्या टीमचा स्कोअर असतो, इथे १६५. जिंकायला त्यात एक मिळवायचा. तो विसरलात तर ९.३५ येईल, आणि तेवढे रन्स काढून मॅच नुसती टाय होईल. पावसाने ओव्हर कापल्या असतील तर मात्र एक मिळवून भागत नाही, स्क्रीनवरचं सुधारित टार्गेटच धरायचं.

व्हॉट्सॲपवर फिरून फिरून ओव्हरचा आकडा पुसट झाला असेल, १४.२ की १४.३ कळत नसेल, तर बोलर्सच्या ओव्हर जोडा : ४, ३, ३, २.२, २ म्हणजे १४.२. इथेही पूर्ण ओव्हर वेगळ्या, सुटे चेंडू वेगळे जोडायचे. बॅट्समनच्या चेंडूंवरून मोजायला जाल तर फसाल. नो बॉल बॅट्समनच्या खात्यात खेळलेला चेंडू म्हणून धरतात, ओव्हरमध्ये धरत नाहीत. वाइड दोन्हीकडे नाही. तीन नो बॉल पडले असतील तर बॅट्समनच्या चेंडूंची बेरीज ८९ भरेल, आणि तरी ओव्हर १४.२ च असतील.