खिळा काढायची घाई करू नकोस

अंबाजोगाईहून परळीकडे जाताना बाईकच्या मागच्या ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसला, की आधी थुंकी लावून बघ. बुडबुडे हळू येत असतील तर खिळा तसाच राहू दे, हवा भर आणि गावापर्यंत जा. उन्हात रस्त्याकडेला बसण्यापेक्षा ते बरं.

हवा भराभर जात असेल तरच पंक्चरचं किट घेऊन पंक्चर काढायला बस. खिळा उपसण्याआधी पट्टी सुईत ओवून, सोल्यूशन लावून तयार ठेव. खिळा ज्या तिरक्या दिशेने घुसलाय, त्याच दिशेने कानस घाल आणि भोक नीट खरवडून घे. नवखे इथेच कंटाळा करतात, मग पट्टी धरत नाही. पट्टीची दोन्ही टोकं बोटाच्या पेराएवढी बाहेर राहीपर्यंत सुई दाब आणि न पिळता झटक्यात ओढ. उरलेली टोकं थोडी ठेवून काप.

छोट्या पंपाने वेळ लागतो, तो तापतोही. मध्ये थांबत जा. हवा किती, ते स्विंगआर्म किंवा चेनकव्हरवरच्या स्टिकरवर बघ. पुन्हा थुंकी लाव, दहा-बारा किलोमीटरवर परत तपास. बाजूची भिंत फाटली असेल, किंवा टायर रिमवरून सुटला असेल, तर हे किट उपयोगाचं नाही. सरळ टेम्पो बोलाव.