वयाने लहान साहेब आणि सातबाऱ्यावरची १४ नावे

प्रश्न : देवगडच्या बँकेत मी लिपिक आहे, वय ५४. सातबाऱ्यावर १४ सहहिस्सेदार आणि संमती फक्त तिघांची, म्हणून २९ वर्षांच्या शाखाधिकारी मॅडमनी मी तयार केलेली कर्जाची फाइल बागायतदारांसमोर परत केली. आता त्यांच्याशी बोलावेसेच वाटत नाही.

उत्तर : त्रुटी काढणे हे त्यांचे कामच आहे, कारण मंजुरीवर सही त्यांची असते आणि उद्या चौकशी झाली तर जाबही त्यांनाच द्यावा लागेल. चारचौघांत सांगण्याची पद्धत मात्र चुकीची होती आणि तेवढ्यापुरते बोलण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. संध्याकाळी रोकड जुळल्यावर केबिनमध्ये जाऊन म्हणा, "मॅडम, त्रुटी मला मान्य आहे. पण लोकांसमोर सांगितल्यामुळे मला फार ओशाळवाणे झाले. पुढच्या वेळी आत बोलावून सांगा." वय किंवा सेवेची वर्षे मध्ये आणू नका, कारण मग विषय पद्धतीवरून मोठेपणावर जातो आणि त्यांना आपला अधिकार सांभाळत बसावे लागते.

त्याच बैठकीत तुमचा अनुभवही कामी येईल. 'आपल्याकडे असेच चालते' हे वाक्य, जिची सही पणाला लागली आहे तिला, नियम मोडण्याची सबब वाटते. त्याऐवजी उरलेल्या ११ जणांपैकी मुंबईला कोण आहेत, गणपतीला कोण येतात आणि त्या दिवसांत कोणाच्या सह्या शाखेतच घेता येतील, याची यादी पुढे ठेवा. ही माहिती बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याकडे नसते. एवढे करूनही पाणउतारा चालूच राहिला, तर तारीख आणि शब्द लिहून ठेवून विभागीय कार्यालयाकडे जावे.

प्रश्न : आई अंथरुणाला खिळलेली होती, म्हणून बदली टाळण्यासाठी मी दोनदा बढती नाकारली. आता माझ्याच हाताखाली शिकलेला मुलगा माझा साहेब आहे. त्याची प्रत्येक सूचना बोचते. (रत्नागिरी)

उत्तर : आठवडाभर बोचलेली प्रत्येक सूचना लिहून काढा आणि हेच एखाद्या पन्नाशीच्या अधिकाऱ्याने सांगितले असते तर बोचले असते का, हे शेजारी नोंदवा. बहुतेक उत्तरे 'नाही' आली, तर सल त्या मुलाविषयी नसून सोडलेल्या बढतीची आहे. आईजवळ राहण्याचा तुमचा निर्णय मला योग्य वाटतो, पण त्याची किंमत या मुलाकडून वसूल होणार नाही. अवघडलेला तोही असणार. असे अधिकारी पुष्कळदा ज्येष्ठाला काम सांगायचे टाळतात किंवा दुसऱ्याकरवी निरोप धाडतात, आणि ज्येष्ठाला तो अपमान वाटतो. तेव्हा तुम्हीच सांगून टाका : "ऑफिसात मी तुम्हाला सर म्हणेन, काम थेट मला सांगा, घरी आलास की तू पूर्वीचाच."

प्रश्न : साहेबांनी माझे ऐकले नाही आणि नुकसान झाले. 'मी म्हटलेच होते' असे सांगू का? (मालवण)

उत्तर : नको. आता काय सावरता येईल, तेवढेच सांगा. पुढच्या वेळी निर्णयाआधी आपले मत कारणासह, दोन ओळींत, फाइलवर लिहा. निर्णय नुसता न पटणारा असेल तर त्याप्रमाणे काम करा. नियमाबाहेरचा असेल तर सही करू नका.