बॅकलॉगच्या रकान्यात शून्य लिहू का?

"मॅडम, मी कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्लेसमेंटच्या पोर्टलवर प्रोफाइल भरायला शुक्रवारपर्यंतच मुदत आहे. माझे दोन बॅक होते, दोन्ही सुटले. आता एकही नाही, मग बॅकलॉगमध्ये शून्य लिहिलं तर चालेल ना? सीजीपीए किती दाखवू? आणि प्रोजेक्ट तर सगळ्यांचे सारखेच असतात, त्यात काय लिहायचं?"

नगर जिल्ह्यातून पुण्याला शिकायला आलेला हा मुलगा लॅपटॉप उघडूनच माझ्यासमोर बसला. फॉर्म जवळजवळ भरून झाला होता. स्क्रीनवर एकाखाली एक दोन रकाने होते, `Active Backlogs` आणि `Backlog History`. दोन्हींत त्याने शून्य टाकलं होतं.

वरचं शून्य बरोबर होतं. पहिला रकाना विचारतो की आज किती विषय सुटायचे बाकी आहेत. परीक्षा दिली पण निकाल लागलेला नाही, असा विषयसुद्धा निकाल लागेपर्यंत त्यातच धरायचा. दुसरा रकाना वेगळं विचारतो. पदवीला प्रवेश घेतल्यापासून किती विषय पहिल्या खेपेला सुटले नाहीत, हे त्याला हवं असतं. पुण्यातली मुलं त्याला डेड बॅक म्हणतात, मुंबईकडची मुलं क्लिअर झालेली केटी म्हणतात. सुटला म्हणजे पुसला गेला, असं या रकान्यात होत नाही.

"पण मॅडम, डिजिटलच्या पेपरला मी बसलोच नव्हतो. डेंग्यू झाला होता. नापास कुठे झालो?"

त्याला तिसऱ्या सेमिस्टरच्या सगळ्या मार्कशीट काढायला सांगितल्या. फाइलमधून तीन निघाल्या, त्या टेबलावर ओळीने मांडल्या. पहिलीत डिस्क्रीट मॅथ्स नापास आणि डिजिटल इलेक्ट्रॉनिक्ससमोर गैरहजर. दुसरीत डिजिटल सुटलेला, डिस्क्रीट पुन्हा राहिलेला. तिसरीत दोन्ही पास. प्रत्येकीवर परीक्षेचा महिना आणि वर्ष वेगळं. कंपनीचा माणूस नेमकं हेच बघतो. शेवटच्या मार्कशीटवर सगळे विषय पास दिसत असले, तरी तिच्यावरची परीक्षेची तारीख त्या सेमिस्टरच्या नियमित परीक्षेशी जुळत नाही, आणि तेवढ्यावरून त्याच्या लक्षात येतं.

गैरहजेरी आजारामुळे असली तरी विषय पहिल्या खेपेला सुटलेला नसतो, म्हणून तो मोजायचा. दवाखान्याचे कागद मात्र जपून ठेवायचे, कारण मुलाखतीत या विषयाबद्दल विचारलं तर सांगायला खरं कारण आहे आणि दाखवायला पुरावाही आहे. डिस्क्रीटला दोनदा अपयश आलं म्हणून तो दोन विषय होत नाही. सहसा विषय मोजतात, प्रयत्न नाही. एखादी कंपनी स्वतःच्या फॉर्ममध्ये प्रयत्नांची संख्या वेगळी विचारते, तिथे ती तशीच द्यायची. त्याचा आकडा आला दोन. एकाच विषयाची लेखी आणि प्रात्यक्षिक अशी दोन्ही राहिली असतील, तर कॉलेज ते एक धरतं की दोन, हे कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याला, म्हणजे टीपीओला, ईमेलने विचारून घ्यावं. उत्तर लेखी हातात असलं की पुढे वाद राहत नाही.

शून्य लिहिल्यावर काय होतं, हे मी मुलांना नेहमी सविस्तर सांगते, कारण ते लगेच दिसत नाही. कंपनी आपली अट टीपीओकडे देते, पोर्टल त्या अटीप्रमाणे यादी गाळतं, आणि प्रोफाइल अटीत बसलं तरच अर्ज करता येतो. शून्य लिहिलं तर 'आधी एकही बॅक नको' अशी अट घालणाऱ्या कंपन्याही उघडतात. टेस्ट होते, मुलाखत होते, निवडही होते. मग कागदपत्रांची वेळ येते आणि सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट मागवल्या जातात. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका मुलीची ऑफर याच टप्प्यावर मागे घेतली गेली. तिचा बॅक एकच होता. कंपनीने कॉलेजला कळवलं, कॉलेजने तिला त्या वर्षीच्या उरलेल्या सगळ्या ड्राइव्हमधून बाहेर ठेवलं. खरा आकडा लिहिला असता तर ती एक कंपनी उघडली नसती, बाकीच्या उघड्या राहिल्या असत्या. 'आत्ता बॅक नको, पण जुने सुटलेले चालतील' असं म्हणणाऱ्या कंपन्या माझ्या पाहण्यात नेहमीच जास्त आल्या आहेत.

त्याने शून्य खोडून दोन लिहिलं आणि विचारलं, "हे घरी दिसतं का?" डेंग्यूचं घरी माहीत होतं, डिस्क्रीटचं नव्हतं. पोर्टल घरच्यांना दिसत नाही, एवढं मी सांगितलं. शून्यामागे खरी भीती ही होती. त्यावर आम्ही नंतर दोनदा बसलो, त्या दिवशी फॉर्म पुरा करायचा होता.

सीजीपीएच्या रकान्यात त्याने ७.१५ लिहिलं होतं. कुठून आणलं म्हणून विचारलं तर म्हणाला, सगळ्या सेमिस्टरची सरासरी काढली. कागदावर मांडायला लावलं तेव्हा चूक सापडली. तिसऱ्या सेमिस्टरचा पहिला निकाल लागला तेव्हा दोन विषय राहिलेले असल्याने एसजीपीएची जागा कोरी होती. त्याने तेव्हा जी वही केली, तीत ते सेमिस्टर गाळलेलं होतं, आणि विषय सुटल्यावर त्यात भर घालायची राहून गेली. सुटल्यानंतरच्या मार्कशीटवर तिसऱ्या सेमिस्टरचे ५.६ आले होते. बॅक असलेल्या मुलांच्या फॉर्ममध्ये ही चूक मला वारंवार दिसते. तिच्यात लबाडी नसते, पण तपासणाऱ्याला ती लबाडीच वाटते.

सीजीपीए काढताना प्रत्येक सेमिस्टरचा एसजीपीए त्याच्या क्रेडिटने गुणायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. त्याची पहिली चार सेमिस्टर २२ क्रेडिटची होती, पाचवं २० चं.

```
७.४×२२ + ७.१×२२ + ५.६×२२ + ६.५×२२ + ७.६×२० = ७३७.२
७३७.२ ÷ १०८ = ६.८३
```

म्हणजे ७.१५ नाही, ६.८३. मार्कशीटवर विद्यापीठाने सीजीपीए छापलेला असेल तर तोच लिहायचा, आपलं गणित फक्त ताळा म्हणून.

शेजारी टक्केवारीचा रकाना होता. तिथे त्याने ७.१५ ला ९.५ ने गुणून ६८ लिहिले होते. ९.५ हा गुणक सीबीएसईने दहावीच्या ग्रेडसाठी दिलेला होता, इंजिनिअरिंगच्या सीजीपीएला तो लावायचा नसतो. प्रत्येक विद्यापीठाचं स्वतःचं सूत्र असतं, ते मार्कशीटच्या मागे किंवा परिपत्रकात मिळतं. एआयसीटीईच्या तक्त्यात ६.७५ म्हणजे ६० टक्के, ७.२५ म्हणजे ६५ टक्के, असं चढत जातं, म्हणजे सीजीपीएतून ०.७५ वजा करून दहाने गुणायचं. त्याच्या कॉलेजमध्ये हेच चालत होतं, त्यामुळे त्याचे टक्के झाले ६०.८. अडुसष्ट खोडताना त्याचा चेहरा पडला. दहावी, बारावी आणि पदवी तिन्हींत साठ टक्के, ही कॅम्पसवर खूप कंपन्यांची अट असते, आणि ती तो पुरी करत होता. पासष्टच्या अटीत मात्र तो बसत नव्हता, हेही स्पष्ट सांगावं लागलं.

हे आकडे असतील तसेच लिहायचे असतात, त्यात आपला हात चालत नाही. प्रोजेक्टचा भाग पूर्ण आपला असतो, आणि तो त्याने सगळ्यात घाईने भरला होता. पहिलं नाव होतं चेहरा ओळखून हजेरी लावणारी प्रणाली, खाली पायथन, ओपनसीव्ही, मशिन लर्निंग. मी विचारलं, किती जणांचे फोटो घेतले, दोन भावांचे चेहरे सारखे दिसले तर काय झालं? तो गप्प बसला. सीनिअरचा प्रोजेक्ट होता, याने फक्त चालवून पाहिला होता. मुलाखत घेणारा माणूस पहिल्या दोन मिनिटांत असाच प्रश्न विचारतो.

"मग मॅडम, माझ्याकडे काहीच नाही."

"पाचव्या सेमिस्टरला मिनी प्रोजेक्ट काय केलास?"

गावच्या ग्रामपंचायतीच्या पाणीपट्टीची नोंद ठेवणारी वेबसाइट, असं तो जरा संकोचून म्हणाला. चौघांचा गट होता. डेटाबेस याने केला होता. घरं, नळजोड, बिलं, भरणा, थकबाकी असे पाच तक्ते. चुलत्यांकडून वहीचं एक वर्ष मागवून त्यातल्या १२० घरांच्या नोंदी याने हाताने टाकल्या होत्या. थकबाकी काढताना घोळ झाला, कारण लोक अर्धवट पैसे भरतात आणि याच्या पहिल्या रचनेत बिल एकतर भरलेलं असायचं नाहीतर न भरलेलं. म्हणून भरण्याचा तक्ता वेगळा काढला आणि एका बिलाला अनेक भरणे जोडले. हे सांगताना त्याचा आवाज बदलला होता. ग्रामपंचायतीने ते वापरायला घेतलं नव्हतं, फक्त कॉलेजात दाखवलं होतं.

आम्ही चार ओळी लिहिल्या. पोर्टलवर त्या इंग्रजीत गेल्या, मतलब असा होता: ग्रामपंचायतीच्या वहीतली पाणीपट्टीची एका वर्षाची नोंद वेबवर आणली, चौघांचा गट. माझं काम मायएसक्यूएल डेटाबेसची रचना आणि थकबाकीचा हिशेब. अर्धवट भरणा धरता यावा म्हणून बिल आणि भरणा वेगळे केले, १२० घरांच्या खऱ्या नोंदींवर तपासलं. कॉलेजमध्ये सादर केलं, प्रत्यक्ष वापरात नाही. शेवटचं वाक्य त्याला काढायचं होतं, मी ठेवायला लावलं. 'वापरात आहे' असं सूचित झालं की किती जण वापरतात हा प्रश्न येतो, आणि तिथे सगळं कोसळतं.

हजेरीचा प्रोजेक्ट आम्ही काढून टाकला. दुसरा म्हणून डेटा स्ट्रक्चरच्या प्रॅक्टिकलमधला छोटा प्रोजेक्ट घातला, दोन ओळींत. दोन प्रोजेक्ट पुरतात, जर त्यातल्या प्रत्येक शब्दावर तीन प्रश्नांची उत्तरं देता येत असतील.

टी अँड पी ऑफिसने प्रोफाइल तपासून लॉक केलं. लॉक झाल्यावर बदल हवा असेल तर मार्कशीट जोडून विनंती करावी लागते. म्हणून सहाव्या सेमिस्टरचा निकाल लागल्या दिवशीच अर्ज कर, असं त्याला बजावलं होतं. निकाल आला ७.८, क्रेडिट २०. सीजीपीए ६.९८ झाला.

त्याच आठवड्यात सातची अट असलेली एक कंपनी कॉलेजला येत होती. रात्री साडेदहाला त्याचा मेसेज आला: "मॅडम, ६.९८ आहे. मित्र म्हणतात ७ टाक, राउंड होतं. मी मार्कशीटवर आहे तेच पाठवलं. ती कंपनी उघडली नाही. पुढच्या मंगळवारी साठ टक्केवाली आहे, पाणीपट्टीचा डेटाबेस परत चालवून बघतोय."