पांढऱ्या कुर्त्यावर रंग का चढत नाही
दिवाळी सेलची आदली रात्र. नाशिकच्या मेन रोडवरच्या दुकानदाराकडे माल आलाय मोरपंखी, पण फोटोतल्या मॉडेलच्या अंगात पांढरा कुर्ता. तो फोटो एडिटरमध्ये रंगछटा बदलणारा Hue स्लायडर सरकवत बसतो आणि काहीच बदलत नाही, कारण पांढऱ्यात फिरवायला रंगच नसतो. अशा वेळी फक्त कुर्ता निवडा, वर नवा लेयर घेऊन त्यात मोरपंखी भरा आणि मोड Multiply ठेवा. खालच्या चुण्या, सावल्या तशाच दिसतात. निवड आखूड पडली तर गळ्याशी पांढरी रेघ उरते. झूम करून बघा, कड एक-दोन पिक्सेल मऊ ठेवा. मूळ कुर्ता लाल असता तर Hue चालला असता, पण हनुवटीखाली पडलेली कुर्त्याची लाल झाक वेगळी उतरवावी लागली असती. रंगाची जुळवणी मात्र सकाळी, खरा कुर्ता खिडकीच्या उजेडात स्क्रीनशेजारी धरूनच करा. ट्यूबलाइटखाली मोरपंखी फसवतो.